उघडी नळी, बंद नळी आणि उन्हाळ्यातला सूर

सांगलीच्या माणसाला ऑर्गन म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ह्याच गावी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, आणि पुढे संगीत नाटकांचा काळ आला तेव्हा रंगमंचासमोर बसून पायाने भाता हलवीत वाजवायचा ऑर्गन हा नाटकाचा जणू दुसरा आवाजच होऊन गेला. पण एक गंमत पाहा. ह्या आपल्या नाटकातल्या ऑर्गनला एकही नळी नाही. त्याच्या पोटात पितळेच्या लहान लहान जिभा आहेत. पेटीवाले त्यांना रीड म्हणतात. हवा त्या जिभांना हलवते आणि जीभ सूर काढते. खरा नळ्यांचा ऑर्गन पाहायचा तर मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या जुन्या चर्चमध्ये जावे लागेल. तेथे लहान वेळूपासून खांबाएवढ्या नळीपर्यंत नळ्यांच्या रांगा उभ्या असतात, आणि सूर काढते ती नळीतली हवा.

जीभ सूर काढते की हवा सूर काढते, हा फरक दिसायला बारीक आहे. पण उन्हाळा आला की तोच फरक मैफलीत चांगला कानाला टोचतो. तो कसा, हे पाहण्यासाठी आधी नळीचाच विचार करू.

त्यासाठी ऑर्गन नको. सांगलीकडच्या कुठल्याही द्राक्षबागेत पाण्याच्या पाइपाचे तुकडे पडलेले असतात. आतून ४ सेंटिमीटर रुंद असा एक तुकडा घ्या आणि बरोबर ६० सेंटिमीटर लांबीचा कापून घ्या. दोन्ही तोंडे सरळ कापलेली असू द्यात. आता एका हातात पाइप धरा आणि दुसऱ्या हाताने रबरी चपलेचा सपाट तळ पाइपाच्या तोंडावर मारा. चप्पल मारून लगेच उचललीत तर एक 'टुम्' असा आवाज येईल. चप्पल मारून तोंडावर तशीच दाबून ठेवलीत तर आवाज पुष्कळच खाली, खर्जात जाईल. दोन्ही वेळा पाइप तोच, लांबी तीच. पहिल्या वेळी नळीची दोन्ही तोंडे उघडी होती, दुसऱ्या वेळी एक तोंड बंद होते, एवढाच काय तो फरक. आणि सूर मात्र जवळ जवळ एक सप्तक खाली गेला.

असे का व्हावे? पुष्कळ पुस्तकांत येथे लाटांच्या आकृत्या काढलेल्या असतात. उघड्या नळीत अर्धी लाट मावते आणि बंद नळीत पाव लाट मावते, असे सांगून पुस्तक पुढे जाते. विद्यार्थी ते पाठ करतो, पण अर्धी नि पाव का, ते मनात उतरत नाही. माझ्या मते एका धक्क्याच्या मागे मागे जावे, म्हणजे ते लवकर कळते.

चपलेने तोंडाशी हवा दाबली गेली. हवेचा हा दाट धक्का नळीतून पलीकडच्या तोंडाकडे धावत सुटला. पलीकडे तोंड उघडे आहे. तेथे पोचताच धक्क्यातली दाट हवा बाहेरच्या मोकळ्या हवेत फुटून पसरते, आणि ती जरा जास्तच पसरते. बाजारातल्या गर्दीतून ढकलत आलेला माणूस एकदम मोकळ्या चौकात आला म्हणजे दोन पावले पुढे तोल जातो ना, तसे. त्यामुळे मागे हवा विरळ होते, आणि ही विरळ हवेची लाट नळीतून उलटी परत येते. उघड्या तोंडावर असे घडते की दाट गेले तर विरळ परत येते, आणि विरळ गेले तर दाट परत येते.

बंद तोंडाशी गोष्ट निराळी. तेथे भिंत आहे. दाट धक्का भिंतीवर आपटतो आणि दाटच परत येतो. विरळ लाट आपटली तर विरळच परत येते.

आता मोजा. दोन्ही तोंडे उघडी असतील तर दाट धक्का निघाला, पलीकडून विरळ होऊन परतला, अलीकडच्या तोंडाशी पुन्हा उलटून दाट झाला. एक जाणे, एक येणे, आणि गाडी पुन्हा मूळ जागी. नळीच्या दुप्पट लांबीच्या प्रवासात एक आवर्तन पुरे झाले. एक तोंड बंद असेल तर? उघड्या तोंडापासून दाट धक्का निघाला, भिंतीवरून दाटच परतला, उघड्या तोंडाशी आला तेव्हा उलटून विरळ झाला. म्हणजे एक फेरी झाली, तरी आपण अजून मूळ स्थितीत नाही, बरोबर उलट स्थितीत आहोत. तो विरळ पुन्हा भिंतीपर्यंत जाऊन विरळच परतला, आणि उघड्या तोंडाशी उलटून आता कोठे दाट झाला. दोन फेऱ्या लागल्या. नळीच्या चौपट लांबीचा प्रवास झाला तेव्हा एक आवर्तन पुरे झाले.

वेळ दुप्पट लागला म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने निम्मी झाली. ह्या आवर्तनांच्या संख्येलाच आपण कंपसंख्या म्हणतो, आणि कंपसंख्या निम्मी झाली की सूर एक सप्तक उतरतो. आपल्या ६० सेंटिमीटर नळीत २५ अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४६ मीटर धावतो. उघड्या नळीत एका आवर्तनाला १२० सेंटिमीटर धाव, म्हणून सेकंदाला २८८ कंपने. बंद नळीत २४० सेंटिमीटर धाव, म्हणून १४४ कंपने. हा झाला दोन्ही नळ्यांचा मूळ स्वर.

हिशेब कागदावर फार सुंदर बसला. पण ज्याचा कान तयार आहे असा कोणी शेजारी उभा असेल तर तो म्हणेल, "सप्तक पुरे होत नाही हो! उघडा सूर जरा उतरलेला आहे." आणि त्याचे म्हणणे खरे आहे. कारण उघड्या तोंडाशी धक्का उलटतो तो नेमका कडेवर उलटत नाही. थोडा बाहेर जाऊन, बाहेरची थोडी हवा बरोबर हलवून, मग परततो. म्हणजे नळी आहे त्याहून किंचित लांब असल्यासारखी वागते. किती लांब? साध्या कापलेल्या तोंडाला नळीच्या त्रिज्येच्या सुमारे सहा-दशांश इतकी. आपली त्रिज्या २ सेंटिमीटर, म्हणून एका उघड्या तोंडामागे १.२ सेंटिमीटर वाढ धरायची.

येथे लक्ष द्या. बंद नळीला उघडे तोंड एकच, म्हणून तिची लांबी ६१.२ झाली. उघड्या नळीला तोंडे दोन, म्हणून तिची लांबी ६२.४ झाली. पुन्हा भागाकार करा. बंद नळीचा सूर आला १४१.३ आणि उघड्या नळीचा २७७.२. दुप्पट व्हायला २८२.६ हवे होते. पाच-साडेपाच कंपने कमी पडली. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांत जेवढे अंतर असते, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका हा कमीपणा आहे. तो सहज ऐकू येतो. नळी जितकी रुंद नि आखूड, तितका हा फरक मोठा. बारीक नि लांब नळीत तो नाहीसा होत जातो. तेव्हा 'बंद नळीचा सूर उघडीच्या बरोबर निम्मा' हे पुस्तकातले वाक्य बारीक नळीपुरते खरे समजावे.

सूर मोजण्याची सोय हल्ली खिशातल्या फोनवरही होते, तेव्हा हा पडताळा कोणालाही घेता येईल. फक्त पाइपावर तोंडाने फुंकून मोजू नका. ओठांनी तोंडाचा काही भाग झाकला जातो, नळी आणखी लांब असल्यासारखी वागते आणि सूर आणखी उतरतो. चपलेची युक्ती त्या मानाने बरीच प्रामाणिक आहे.

आता एक प्रश्न. आपली बासरी उघडी नळी की बंद? बहुतेक लोक बासरी हातात घेतात, वरच्या टोकाला बसवलेले बूच पाहतात आणि सांगून टाकतात, "एक टोक बंद, म्हणजे बंद नळी." हे उत्तर चूक आहे. बूच बसवले आहे खरे, पण त्याच्या शेजारीच फुंकायचे भोक आहे, आणि ते भोक बाहेरच्या हवेला उघडे आहे. धक्का उलटतो तो त्या भोकाशी. म्हणून बासरी ही दोन्हीकडून उघडी नळी आहे. आपल्याकडचे धनगर नि गुराखी वाजवतात तो पावा आणि अलगूज हीदेखील उघड्याच जातीची.

ह्याची परीक्षा कानाने करता येते. सगळी भोके तशीच ठेवून बासरीत जोराने फुंका. सूर उडी मारून बरोबर वरच्या सप्तकात, त्याच स्वरावर जाईल. षड्ज असेल तर तार षड्ज. आता लग्नाच्या वरातीतल्या बँडचे क्लॅरिनेट आठवा. ते खरोखरीचे बंद नळीचे वाद्य. ओठात धरलेली पट्टी तेथे भिंतीचे काम करते. त्यावर वरच्या सुरांची चावी दाबली की खर्जातला षड्ज वरच्या षड्जावर न जाता त्याच्याही पुढे, मध्य सप्तकातल्या पंचमावर जाऊन बसतो. म्हणजे कंपसंख्या दुप्पट न होता तिप्पट होते. बंद नळीत दुप्पट कंपसंख्येला जागाच नाही, तिप्पट, पाचपट अशा विषम पटींनाच आहे. म्हणून बंद नळीचा आवाज जरा पोकळ, घुमणारा लागतो. सनईलाही तोंडाशी पट्टीच असते, पण सनईची नळी खाली रुंदावत जाते, आणि त्या निमुळत्या आकारामुळे ती उघड्या नळीसारखी सप्तकावर उडी घेते. तो विषय मोठा आहे, येथे नुसता निर्देश करून पुढे जातो.

आता उष्णतेकडे वळू. त्यासाठी आपली ६० सेंटिमीटरची नळी बरोबर घेऊन कृष्णेच्या काठाकाठाने प्रवास करू. जानेवारीतली पहाट आहे. क्षेत्र महाबळेश्वरला, जेथे कृष्णा उगम पावते, तेथे पारा १२ अंशांवर आहे. नळीवर चप्पल मारा आणि उघड्या-बंद दोन्ही सुरांची नोंद करून ठेवा. मग वाई, पुढे कराड, आणि नदीबरोबर सांगलीला या. पण येता येता मे महिना उजाडू द्या. दुपारची वेळ, पारा ४० वर. तीच नळी, तीच चप्पल.

हवा तापली म्हणजे नळीत काय बदलते? लांबी जवळ जवळ तीच. बदलतो तो धक्क्याचा वेग. हवेतला धक्का म्हणजे काही हवेबाहेरची वस्तू नव्हे. हवेचे रेणू इकडून तिकडे सैरावैरा धावत असतात, आणि तेच धक्का एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतात. रेणू जितके चपळ, तितका निरोप लवकर पोचणार. आणि उष्णता म्हणजे तर रेणूंची चपळाईच. मात्र हिशेब सेल्सिअसच्या शून्यापासून करायचा नाही. ४० हे १२ च्या तिपटीहून जास्त, म्हणून काही वेग तिप्पट होत नाही. रेणूंची हालचाल शून्याखाली २७३ अंशांपासून मोजायची. तेथून मोजले तर महाबळेश्वरची पहाट २८५ अंशांची आणि सांगलीची दुपार ३१३ अंशांची. जवळ जवळ शेकडा दहा वाढ. पण वेग वर्गमुळाने वाढतो, म्हणून वेगातली वाढ शेकडा पाचाहून थोडी कमी. महाबळेश्वरला ३३८.५ मीटर, सांगलीला ३५४.७ मीटर. थोडक्यात लक्षात ठेवायचे तर आपल्याकडच्या हवेत एक अंश वाढला की वेग आणि सूर सुमारे सहाशेत एक ह्या प्रमाणात वर जातात.

आता दोन्ही सूर पाहा. उघड्या नळीचा सूर महाबळेश्वरला २७१.२ होता, तो सांगलीला २८४.२ झाला. तेरा कंपनांची वाढ. बंद नळीचा १३८.३ होता, तो १४४.९ झाला. साडेसहाच्या आसपास वाढ. हे आकडे पाहून एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो, "उन्हाळ्याचा परिणाम उघड्या नळीवर दुप्पट होतो." त्याचे गणित बरोबर आहे, पण ऐकायला गेला तर फसेल. आपला कान कंपनांची वजाबाकी करीत नाही, भागाकार करतो. तेरा कंपनांची वाढ २७१ वर झाली आणि साडेसहाची १३८ वर. प्रमाण दोन्हीकडे तेच. दोन्ही सूर सारखेच चढले, आणि त्या दोघांमधले अंतर होते तेवढेच राहिले. सप्तकात जो तिसरा हिस्सा कमी होता, तोदेखील महाबळेश्वरहून सांगलीपर्यंत न बदलता आला. तो नळीच्या मापातून आला आहे, हवेतून नव्हे.

चढ किती झाला ते संगीताच्या भाषेत सांगतो. २७७ ही पेटीवरची काळी एक. आपली उघडी नळी २५ अंशांना तिच्याशी जुळते. महाबळेश्वरच्या थंडीत ती काळी एकच्या खाली, पांढरी एककडे झुकते. सांगलीच्या उन्हात ती काळी एकच्या वर, पांढरी दोनच्या वाटेला लागते. एकूण चढ दोन लगतच्या पट्ट्यांतल्या अंतराच्या चार-पंचमांश. गवयाने पाऊण पट्टीहून अधिक वर चढून गावे असाच हा प्रकार.

येथे दोन शंका साहजिक येतात. पहिली अशी की महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर, तेथली हवा विरळ. सूर उतरला तो त्या विरळपणामुळे तर नव्हे? नव्हे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो म्हणजे तिची परत उसळण्याची शक्ती कमी होते, पण त्याच प्रमाणात तिचे वजनही कमी होते. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडून काढतात. महाबळेश्वरला कोणी खोलीत शेकोटी करून हवा ४० अंशांवर नेली तर नळी तेथेही सांगलीचाच सूर देईल. दुसरी शंका पाइप स्वतः तापून लांब होण्याची. प्लॅस्टिकचा पाइप ह्या २८ अंशांत मिलिमीटरभर वाढतो खरा, आणि त्याने सूर किंचित उतरतोही; पण हवेने चढवलेल्या सुरापुढे तो उतार नगण्य आहे. वेळू तर लांबीच्या दिशेने ह्याहूनही कमी वाढतो. पावसाळ्यातल्या दमटपणाचेही तसेच. वाफेने भरलेली हवा हलकी असते, म्हणून सूर थोडा चढतो. २० अंशांची हवा कोरड्याची पुरी ओली झाली तर तापमान दोनएक अंशांनी वाढल्याइतकाच तो चढ असतो.

आता मैफलीत या. पेटी किंवा नाटकातला ऑर्गन एका बाजूला, बासरी दुसऱ्या बाजूला. पेटीतली पितळी जीभ तिच्या स्वतःच्या लांबीने, जाडीने नि ताठपणाने सूर ठरवते. हवा तिला नुसती हलवते. म्हणून हवा तापली तरी पेटीचा सूर चढत नाही. उलट तापलेले पितळ अगदी थोडे मऊ पडते आणि सूर केसभर उतरतो. बासरीतली हवा तापली की तिचा सूर चढतो. म्हणजे उन्हाळ्यात ही दोन वाद्ये एकमेकांपासून दूर जातात. पेटीवाला म्हणतो, "अहो, तुमची बासरी चढली आहे!" बासरीवाला म्हणतो, "मी काही केले नाही, कालचीच बासरी आहे." दोघेही खरे बोलत असतात. बिचाऱ्या बासरीवाल्यावर मात्र बेसूर वाजवल्याचा ठपका येतो.

बासरीत पुरा ४० अंशांचा परिणाम येत नाही, हेही सांगायला हवे. वाजवणाऱ्याचा श्वास ऊबदार असतो, त्यामुळे थंडीतही बासरीच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. म्हणून चपलेच्या प्रयोगात जेवढा चढ-उतार दिसला, त्यापेक्षा बासरीत तो बराच कमी असतो. श्वासातली वाफ सूर चढवू पाहते आणि कार्बन डायॉक्साइड उतरवू पाहतो, ते दोघे एकमेकांना बरेचसे खोडतात. पण ह्याच कारणामुळे थंडीत बासरी हातात घेऊन लगेच पेटीशी सूर मिळवणे फसवे असते. पहिली काही मिनिटे वाजवता वाजवता नळी आतून तापत जाते आणि सूर हळूहळू चढत राहतो. जाणते वादक आधी थोडे फुंकून घेतात आणि मग मिळवतात.

फरक किती झाला ते कसे ओळखावे? समजा, बासरीच्या आतली हवा मिळवताना होती त्यापेक्षा ६ अंशांनी तापली. सहाशेत एकच्या हिशेबाने शेकडा एक चढ. पेटी काळी एकवर २७७ कंपनांचा षड्ज धरून बसली आहे, बासरी २८० वर गेली. हे दोन सूर एकत्र वाजले की सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो नि ओसरतो. तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा जुळत आल्या की जी लाट ऐकू येते, तीच ही. लाटा मोजल्या की दोन सुरांतला फरक थेट हातात येतो. सेकंदाला एक लाट म्हणजे एका कंपनाचा फरक. लाट मंद असेल तर बासरीवाला ओठाकडे भोक किंचित वळवतो, भोक थोडे जास्त झाकले जाते, सूर उतरतो आणि लाट थांबते. पण असा उपाय थोड्याच फरकाला पुरतो. फार वळवले तर आवाज दबतो.

खऱ्या नळ्यांच्या ऑर्गनमध्ये हेच भांडण एकाच वाद्याच्या पोटात चालते. त्यात बासरीसारख्या नळ्यांबरोबर जिभांच्या नळ्यांच्याही काही रांगा असतात. चर्च तापले की बासरीसारख्या नळ्या सगळ्या मिळून चढतात, जिभांच्या नळ्या जागीच राहतात. शिवाय उंच इमारतीत वरची हवा खालच्यापेक्षा गरम. दोन रांगांत ३ अंशांचा फरक पडला तरी ४४० कंपनांच्या सुराला सेकंदाला दोनाहून अधिक लाटा उठतात. म्हणून ऑर्गन जुळवणारा कारागीर कामाला बसला की आधी तापमान पाहतो. बासरीसारख्या शेकडो नळ्यांना हात लावण्यापेक्षा तो बहुधा मोजक्या जिभाच त्या दिवशीच्या नळ्यांना मिळवून देतो.

बंद नळ्यांचा उपयोगही ऑर्गनवाल्यांनी मोठ्या हिशेबाने केला आहे. खर्जाचा सूर काढायला आठ फुटी उघडी नळी लागत असेल तर चार फुटी नळीला वरून बूच मारले की तोच सूर निघतो. छत ठेंगणे असेल, धातू किंवा लाकूड कमी असेल, तेथे ही युक्ती कामी येते. आवाज जरा पोकळ येतो, तो चालवून घ्यायचा.

जुळवण्याच्या दृष्टीनेही बंद नळी सोयीची. आपल्या ६० सेंटिमीटरच्या नळीचेच उदाहरण घेऊ. २५ अंशांना दिला तोच सूर ४० अंशांना हवा असेल तर नळी सुमारे दीड सेंटिमीटर लांब करायला हवी. बंद नळीचे बूच तेवढे वर ओढले की झाले. उघड्या नळीला टोकाशी धातूची सरकती कडी बसवावी लागते. आणि आपल्या बासरीला तर यांतले काहीच करता येत नाही. वेळू एकदा कापला, भोके एकदा पाडली, की मे महिन्यासाठी तो लांब होत नाही. म्हणून पेटीबरोबर नेहमी वाजवणाऱ्याने त्याच पट्टीची, पण केसभर उतरलेली दुसरी बासरी पिशवीत ठेवलेली बरी.